बीटा-ग्लोबिन संदेशवाहक आरएनएचा जीवनक्रम

बीटा-ग्लोबिन संदेशवाहक आरएनए हा मानवी रक्तपेशींच्या पूर्वज पेशींमध्ये तयार होणारा, हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीच्या रचनेचा निरोप वाहून नेणारा रेणू होय. जनुकातील माहिती प्रथिनाच्या रूपात प्रकट होण्याच्या प्रक्रियेस जनुक अभिव्यक्ती असे म्हणतात. या प्रक्रियेतील प्रत्येक टप्पा या एका रेणूच्या जीवनात क्रमाने पाहावयास मिळतो. त्याचे जनुक लहान आहे, त्याचे प्रत्येक अक्षर ज्ञात आहे आणि त्यातील बिघाडांमुळे होणारे थॅलेसेमिया व सिकलसेल हे आजार सर्वपरिचित आहेत. त्यामुळे जनुक अभिव्यक्तीच्या अभ्यासात आणि उजळणीत हे उदाहरण दीर्घकाळ वापरले जात आहे. प्रस्तुत लेखात अशा एका रेणूचा जन्मापासून क्षयापर्यंतचा प्रवास वर्णिला आहे.

जनुक आणि त्याची मोजमापे

बीटा-ग्लोबिनचे जनुक मानवाच्या ११ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. शरीरातील प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत ते असतेच. तथापि यकृताच्या किंवा त्वचेच्या पेशीत ते मूक राहते. प्रौढ व्यक्तीत ते जागे होते ते अस्थिमज्जेतील एरिथ्रोब्लास्ट या पेशींत. याच पेशींपासून पुढे तांबड्या रक्तपेशी बनतात.

जनुकाचा प्रतिलेखित होणारा आणि प्रगल्भ आरएनएच्या टोकापर्यंत मोजला जाणारा भाग १,६०६ न्यूक्लिओटाइड लांबीचा आहे. त्यात तीन एक्झॉन व दोन इंट्रॉन आहेत. एक्झॉन म्हणजे अंतिम संदेशात टिकणारा भाग आणि इंट्रॉन म्हणजे कापून टाकला जाणारा भाग. क्रमाने पाहता पहिला एक्झॉन १४२, पहिला इंट्रॉन १३०, दुसरा एक्झॉन २२३, दुसरा इंट्रॉन ८५० आणि तिसरा एक्झॉन २६१ न्यूक्लिओटाइडांचा आहे. तीन एक्झॉनांची बेरीज ६२६ होते. म्हणजे जे लिहिले जाते त्यातील ९८० न्यूक्लिओटाइड, अर्थात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर, संदेश पूर्ण होण्यापूर्वीच गळून पडतो.

उरलेल्या ६२६ न्यूक्लिओटाइडांपैकीही सर्वांचे प्रथिनात रूपांतर होत नाही. आरंभीची ५० आणि शेवटची १३२ न्यूक्लिओटाइड अभाषांतरित असतात. मधली ४४४ न्यूक्लिओटाइड म्हणजे तीन-तीनांचे १४८ कोडॉन होत. त्यांपैकी १४७ कोडॉन अमिनो आम्लांचे व शेवटचा विरामाचा असतो. पहिले अमिनो आम्ल मेथिओनीन हे साखळी तयार होत असतानाच छाटले जाते. म्हणून प्रत्यक्ष बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले आढळतात आणि कोडॉनांचे पारंपरिक क्रमांकही मेथिओनीन वगळून मोजले जातात. पुढे येणारे ‘कोडॉन ६’, ‘कोडॉन ३९’ इत्यादी उल्लेख याच पद्धतीचे आहेत.

प्रतिलेखन

एरिथ्रोब्लास्टमध्ये हे जनुक असलेला डीएनएचा पट्टा सैल होतो. जनुकापासून बऱ्याच अंतरावर असलेला एक नियंत्रक प्रदेश वळून जनुकाच्या आरंभस्थळाजवळ येतो आणि केवळ याच वंशाच्या पेशींत विपुल असणारी प्रथिने तेथे बसतात. त्यांच्या साहाय्याने आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर आरंभस्थळी जोडले जाते. यकृताच्या पेशीत जनुक तेच असले तरी ही प्रथिने नसतात. जनुक असणे आणि जनुक वाचले जाणे या दोन गोष्टींतील भेद येथे स्पष्ट होतो.

पॉलिमरेज डीएनएचे दोन धागे थोड्या लांबीपुरते विलग करते व त्यांपैकी एका धाग्याचा साचा म्हणून उपयोग करते. साचा ३′ टोकाकडून ५′ टोकाकडे वाचला जातो, तर नवा आरएनए ५′ कडून ३′ कडे वाढतो. साच्यावर ॲडेनीन असेल तेथे आरएनएत युरॅसिल, सायटोसीन असेल तेथे ग्वानीन, याप्रमाणे पूरक घटक जोडला जातो. त्यामुळे तयार होणारा आरएनए साच्याच्या धाग्यासारखा दिसत नाही. तो दुसऱ्या, न वाचलेल्या धाग्याची नक्कल असतो, फक्त थायमिनच्या जागी युरॅसिल येते. या विकराचा वेग मिनिटाला सुमारे दोन ते चार हजार न्यूक्लिओटाइड इतका असतो. त्या हिशेबाने १,६०६ न्यूक्लिओटाइडांचा मजकूर लिहिण्यास एक मिनिटही पुरेसे होते.

टोपी, कापणी-जोडणी आणि शेपटी

पाठ्यपुस्तकात प्रतिलेखन व त्यानंतरचे संस्करण हे दोन स्वतंत्र टप्पे म्हणून मांडलेले असतात. प्रत्यक्षात ते बहुतांशी एकाच वेळी चालतात. संस्करण करणारी विकरे पॉलिमरेजच्याच लांब शेपटीसारख्या भागावर बसून प्रवास करतात आणि आरएनए बाहेर पडू लागताच कामास लागतात.

आरएनए जेमतेम २० ते ३० न्यूक्लिओटाइड लांब झाला असतानाच त्याच्या ५′ टोकाला एक ग्वानीन घटक उलट्या दिशेने, तीन फॉस्फेटांच्या दुव्याने जोडला जातो आणि त्याच्या सातव्या स्थानी मिथिल गट बसवला जातो. या रचनेस टोपी असे म्हणतात. पेशीत ५′ टोकाकडून आरएनए खाणारी विकरे असतात. टोपीमुळे त्यांना ते टोक पकडता येत नाही. पुढे रायबोसोमला हीच टोपी प्रवेशद्वाराची खूण म्हणून उपयोगी पडते.

त्यानंतर इंट्रॉन कापले जातात. प्रत्येक इंट्रॉनचा आरंभ ग्वानीन-युरॅसिल या जोडीने व शेवट ॲडेनीन-ग्वानीन या जोडीने होतो. स्प्लायसिओसोम या आरएनए व प्रथिनांनी बनलेल्या यंत्रणेचा एक घटक इंट्रॉनच्या आरंभाशी पूरक जोड्या जुळवून तेथे बसतो, तर दुसरा घटक इंट्रॉनच्या शेवटाजवळील एका विशिष्ट ॲडेनीनवर बसतो. पहिल्या छेदानंतर इंट्रॉनचे मोकळे टोक या ॲडेनीनला चिकटते व फासासारखी गाठ तयार होते. दुसऱ्या छेदात दोन्ही एक्झॉन परस्परांना जोडले जातात आणि फास सुटून नष्ट होतो.

ही कापणी किती काटेकोर असावी लागते ते बीटा-ग्लोबिनच्या ३० व्या कोडॉनवरून समजते. हा कोडॉन आर्जिनीनचा असून तो ॲडेनीन-ग्वानीन-ग्वानीन असा आहे. त्याची पहिली दोन अक्षरे पहिल्या एक्झॉनच्या अखेरीस, तर तिसरे अक्षर दुसऱ्या एक्झॉनच्या आरंभी आहे. मध्ये १३० न्यूक्लिओटाइडांचा इंट्रॉन पसरलेला आहे. कापणीत एका अक्षराचीही चूक झाली, तर ३० व्या कोडॉनपासून पुढील प्रत्येक कोडॉन चुकीचा वाचला जाईल.

जोडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक सांध्याच्या सुमारे २० ते २४ न्यूक्लिओटाइड अलीकडे प्रथिनांचा एक समूह मागे ठेवला जातो. त्यास एक्झॉन-सांधा समूह म्हणतात. प्रस्तुत रेणूत दोन सांधे असल्याने असे दोन समूह बसू शकतात. हे समूह म्हणजे ‘येथे इंट्रॉन होता व तो कापला गेला’ या घटनेची खूण होय. तिचे महत्त्व पुढे बिघाडाच्या प्रसंगी लक्षात येते.

तिसऱ्या एक्झॉनच्या अखेरीस ॲडेनीन, ॲडेनीन, युरॅसिल आणि पुन्हा तीन ॲडेनीन असा सहा अक्षरांचा संकेत असतो. तो आरएनएत उमटला की त्यापुढे थोड्या अंतरावर आरएनए तोडला जातो आणि मोकळ्या झालेल्या ३′ टोकाला सुमारे दोनशे ॲडेनीन घटक एकापुढे एक जोडले जातात. ही पॉली-ए शेपटी होय. तिच्यासाठी डीएनएचा साचा लागत नाही. म्हणून जनुकात ती शोधूनही सापडत नाही आणि ६२६ या आकड्यातही ती धरलेली नसते. पॉलिमरेज मात्र तोडणीच्या जागी लगेच थांबत नाही. ते आणखी काही अंतर लिहीत जाते व मग डीएनएवरून गळून पडते. तो जास्तीचा आरएनए लगेच नष्ट होतो.

पेशीकेंद्रकाबाहेर

टोपी, जोडलेले एक्झॉन आणि शेपटी ही तिन्ही जागेवर आली म्हणजे निर्यात करणारी प्रथिने आरएनएला वेढतात व केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांतून त्यास बाहेर नेतात. ज्यावर स्प्लायसिओसोम अद्याप बसलेले आहे, असा अर्धवट संस्कारित आरएनए सामान्यतः आतच अडतो आणि तेथेच विघटित होतो. छिद्राच्या पेशीद्रवाकडील बाजूस ऊर्जा खर्च करून ही निर्यात-प्रथिने काढून घेतली जातात. त्यामुळे रेणू पुन्हा आत घसरत नाही. निर्यातीची दिशा अशा रीतीने ठरते.

भाषांतरण

पेशीद्रवात आल्यावर टोपीवर आरंभक प्रथिने बसतात आणि शेपटीवर पॉली-ए बंधक प्रथिने असतात. ही दोन्ही एका मोठ्या जोडप्रथिनाच्या द्वारे परस्परांना स्पर्श करतात व रेणूची दोन टोके जवळ येतात. यानंतर रायबोसोमचा लहान उपघटक टोपीपाशी चढतो. त्याच्यासोबत मेथिओनीन वाहणारा स्थानांतरक आरएनए असतो. हा उपघटक पहिली ५० न्यूक्लिओटाइड तपासत पुढे सरकतो आणि ॲडेनीन-युरॅसिल-ग्वानीन हा आरंभ कोडॉन भेटताच थांबतो. मोठा उपघटक येऊन मिळाला की साखळीची बांधणी सुरू होते.

साखळी कोणत्या टोकाकडून वाढते हा प्रश्न हिमोग्लोबिनवरच सुटला. हॉवर्ड डिंट्झिस यांनी १९६१ साली सशाच्या अपक्व तांबड्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल अल्पकाळ पुरवले व पूर्ण झालेल्या साखळ्यांच्या कोणत्या भागात ते आधी दिसते हे पाहिले. किरणोत्सार प्रथम साखळीच्या कार्बोक्सिल टोकाशी आढळला. वेळ वाढवत नेली तसा तो अमिनो टोकाकडे पसरला. अल्पकाळात पूर्ण होऊ शकतात त्या केवळ आधीच बऱ्याच वाढलेल्या साखळ्या, आणि त्यांना नवा घटक मिळतो तो अखेरच्या भागातच. यावरून साखळी अमिनो टोकापासून कार्बोक्सिल टोकाकडे बांधली जाते हे सिद्ध झाले.

एका संदेशावर एका वेळी एकच रायबोसोम काम करीत नाही. जोनाथन वॉर्नर, अलेक्झांडर रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ च्या सुमारास सशाच्या याच पेशींतून रायबोसोमांचे पुंजके वेगळे केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत बहुधा पाच रायबोसोम एका धाग्यात ओवल्यासारखे दिसले. या रचनेस पॉलिरायबोसोम म्हणतात.

या माहितीवरून एका रेणूच्या कामाचा ढोबळ हिशेब मांडता येतो. सस्तन प्राण्यांचा रायबोसोम सेकंदाला सुमारे पाच अमिनो आम्ले जोडतो असे धरल्यास १४७ आम्लांच्या साखळीस जवळपास ३० सेकंद लागतात. एकाच वेळी पाच रायबोसोम चालू असतील, तर दर सहा सेकंदांना एक साखळी पूर्ण होईल; म्हणजे मिनिटाला १०, तासाला ६०० व दिवसाला सुमारे १४,०००. रायबोसोम सतत चढत राहतील हे यात गृहीत धरलेले आहे. एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू असतात आणि प्रत्येकात दोन बीटा साखळ्या असतात. एवढ्या साखळ्या पुरवण्यासाठी संदेशाच्या हजारो प्रती लागतात व प्रत्येक प्रत दीर्घकाळ टिकावी लागते.

साखळी तयार होणे हे हीम या लोहयुक्त घटकाच्या उपलब्धतेवरही अवलंबून असते. हीम कमी पडल्यास त्याची जाणीव असणारे एक विकर भाषांतरणाच्या एका आरंभक प्रथिनाला फॉस्फेट जोडते व नव्या साखळ्यांचा आरंभ मंदावतो. संदेश अशा वेळी शाबूत असतो, मात्र त्यावर काम होत नाही. लोहाची कमतरता असलेल्या व्यक्तीत ग्लोबिन कमी बनते. त्यामागे हेही एक कारण आहे.

दीर्घायुष्याचे कारण

सर्व संदेशवाहक आरएनए सारखेच टिकत नाहीत. पेशीविभाजनाच्या नियमनाशी निगडित असलेल्या काही संदेशांचे अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास असते. त्यांच्या ३′ अभाषांतरित भागात ॲडेनीन-युरॅसिलने भरलेले तुकडे असतात आणि ते विघटक यंत्रणेला बोलावून घेतात. ग्लोबिन संदेशांचे अर्धायुष्य मात्र अनेक तासांचे, साधारणतः एका दिवसाच्या घरातले किंवा त्याहूनही अधिक असते. त्यांच्या ३′ अभाषांतरित भागातील विशिष्ट अनुक्रमांवर स्थैर्य देणारी प्रथिने बसतात व शेपटी लवकर आखूड होऊ देत नाहीत.

या टिकाऊपणाची गरज पेशीच्या पुढील आयुष्यात दिसते. एरिथ्रोब्लास्ट प्रगल्भ होताना आपले केंद्रक बाहेर टाकते. केंद्रकाबरोबर जनुकही जाते व नवा संदेश लिहिण्याची शक्यता कायमची संपते. केंद्रक टाकलेल्या या पेशीस रेटिक्युलोसाइट म्हणतात. ती आणखी दोन-तीन दिवस, काही काळ अस्थिमज्जेत व सुमारे एक दिवस रक्तप्रवाहात, आधीच लिहिलेल्या संदेशांच्या बळावर हिमोग्लोबिन तयार करीत राहते. संदेश अर्ध्या तासात नष्ट होणारा असता, तर केंद्रक गेल्यानंतर हे काम थांबले असते.

क्षय

संदेशाचा अंत अकस्मात होत नाही. त्याची सुरुवात शेपटीपासून होते. पॉली-ए शेपटीचे ॲडेनीन घटक विकरे टोकाकडून एकेक करून काढून टाकतात. सशाच्या रेटिक्युलोसाइटमध्ये जुन्या ग्लोबिन संदेशांची शेपटी नव्या संदेशांपेक्षा आखूड आढळते. म्हणजे शेपटीच्या लांबीवरून रेणूच्या वयाचा अंदाज येतो. शेपटी फार आखूड झाली की पॉली-ए बंधक प्रथिनांना बसण्यास जागा उरत नाही आणि दोन टोकांचा परस्परसंबंध तुटतो.

आता ५′ टोकावरील टोपी उघडी पडते. टोपी काढणारे विकर ती छाटते व लगेच ५′ कडून ३′ कडे आरएनए खाणारे विकर रेणूवर चढते. काही रेणू विरुद्ध दिशेनेही संपतात: शेपटी गेल्यावर एक्झोसोम हा विकरसमूह ३′ टोकाकडून त्यांना खात जातो व शेवटी उरलेली टोपी वेगळ्या विकराने मोडली जाते. दोन्ही मार्गांनी संदेशाचे सुटे न्यूक्लिओटाइड होतात. केंद्रकयुक्त पेशीत ते नव्या आरएनएच्या बांधणीत पुन्हा वापरले जाऊ शकतात.

रेटिक्युलोसाइटचे तांबड्या पेशीत रूपांतर होताना संदेशांबरोबर रायबोसोमही नष्ट होतात. हा बदल साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. न्यू मेथिलीन ब्लू हे रंजक रक्ताच्या ताज्या नमुन्यात मिसळल्यास ज्या पेशींत अद्याप आरएनए शिल्लक आहे त्यांत निळी जाळी दिसते. ही जाळी मुख्यतः रायबोसोममधील आरएनएची असते. संदेशवाहक आरएनएचा वाटा त्यात अल्प असतो. जाळी दिसणाऱ्या पेशी मोजून रेटिक्युलोसाइटची टक्केवारी काढतात व अस्थिमज्जा किती नव्या पेशी पाठवीत आहे ते ठरवतात. पूर्ण प्रगल्भ पेशीत जाळी दिसत नाही. तिचे उरलेले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य नव्या हिमोग्लोबिनविना जाते.

बिघाड आणि त्यांची ओळख

वरील प्रत्येक टप्प्यावर बिघाड झालेले रुग्ण ज्ञात आहेत. बीटा साखळी कमी किंवा मुळीच न बनल्याने होणाऱ्या आजारास बीटा-थॅलेसेमिया म्हणतात. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचून तिचे नुकसान करतात. दोन्ही जनुके सदोष असलेल्या बालकास गंभीर प्रकारात वारंवार रक्त द्यावे लागते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत असे बालक जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

कापणीतील बिघाडाचे उदाहरण भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या थॅलेसेमिया उत्परिवर्तनात मिळते. महाराष्ट्रातील रुग्णांतही ते मोठ्या प्रमाणावर दिसते. यात पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या स्थानी ग्वानीनऐवजी सायटोसीन असते. इंट्रॉनच्या आरंभीची ग्वानीन-युरॅसिल ही जोडी शाबूत असते. परंतु स्प्लायसिओसोमच्या पहिल्या घटकाची पकड सैल होते. तो आसपासच्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या जागाही निवडू लागतो. अशा तीन जागा आहेत. त्यांपैकी दोन पहिल्या एक्झॉनमध्ये, योग्य जागेच्या ३८ व १६ न्यूक्लिओटाइड अलीकडे आहेत आणि तिसरी इंट्रॉनमध्ये १३ न्यूक्लिओटाइड पलीकडे आहे. ३८, १६ व १३ यांपैकी एकही संख्या तिनाने भागली जात नाही. त्यामुळे चुकीच्या जागी कापलेल्या प्रत्येक संदेशातील कोडॉनांची चौकट सरकते आणि त्यापासून उपयुक्त साखळी बनत नाही. अल्प प्रमाणात योग्य कापणीही होत राहते. म्हणून बीटा साखळी अगदीच नाहीशी होत नाही, पण फार कमी होते.

अकाली विरामाचे उदाहरण कोडॉन ३९ मध्ये मिळते. भूमध्य समुद्राच्या परिसरात, विशेषतः सार्डिनिया बेटावर, हे उत्परिवर्तन प्रचलित आहे. येथे ग्लुटामीनच्या कोडॉनमधील पहिले सायटोसीन बदलून युरॅसिल येते व विराम कोडॉन तयार होतो. असा संदेश लिहिला जातो, कापला-जोडला जातो व केंद्रकाबाहेरही जातो. मग पहिला रायबोसोम त्यावर चालू लागतो. पहिला एक्झॉन-सांधा समूह तो वाटेत ढकलून देतो आणि ३९ व्या कोडॉनवर थांबतो. दुसरा सांधा तेथून सुमारे १९५ न्यूक्लिओटाइड पुढे असल्याने त्याचा समूह अजून जागेवरच असतो. निरोगी संदेशात विराम तिसऱ्या, म्हणजे अखेरच्या एक्झॉनमध्ये असतो आणि तेथे पोचेपर्यंत दोन्ही समूह निघून गेलेले असतात. विरामानंतरही समूह शिल्लक राहणे ही पेशीच्या दृष्टीने विसंगती ठरते. त्या समूहाशी निगडित प्रथिने विघटक यंत्रणेला पाचारण करतात व संदेश लवकरच नष्ट केला जातो. या प्रक्रियेस निरर्थक-कोडॉनजन्य क्षय असे म्हणतात.

हा क्षय पेशीच्या हिताचा असल्याचे तिसऱ्या एक्झॉनमधील उत्परिवर्तनांवरून दिसते. कोडॉन १२१ वर विराम तयार झाल्यास त्यापुढे कोणताही सांधा नसतो. म्हणून संदेश पकडला जात नाही आणि लांबट पण अपूर्ण साखळी बनत राहते. ही साखळी अस्थिर असते व पेशीत साचते. अशा व्यक्तीचे दुसरे जनुक निरोगी असले तरी आजाराची लक्षणे दिसतात, तर कोडॉन ३९ च्या वाहकाला सहसा सौम्य रक्तक्षयापलीकडे त्रास होत नाही. या नियमालाही मर्यादा आहे. कोडॉन १५ सारखा आरंभ कोडॉनच्या अगदी जवळचा विराम पुढे दोन्ही सांधे असूनही बऱ्याच अंशी क्षयातून सुटतो.

सिकलसेल आजारात संदेशाचे आयुष्य सर्वस्वी निर्दोष असते. सहाव्या कोडॉनमध्ये ग्वानीन-ॲडेनीन-ग्वानीनऐवजी ग्वानीन-युरॅसिल-ग्वानीन येते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते. विदर्भातील व सातपुड्याच्या परिसरातील आदिवासी समाजांत हा बदल विशेष आढळतो. टोपी, कापणी, शेपटी, विराम यांपैकी काहीही बिघडलेले नसल्याने पेशीची तपासणी यंत्रणा संदेश निर्वेध पुढे जाऊ देते. ती संदेशाचे रूप तपासते, त्याचा अर्थ तपासत नाही. दोष प्रकट होतो तो ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांना चिकटून लांब तंतू बनतात व पेशी विळ्यासारखी वाकते तेव्हा.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते प्रयोगशाळेत पायरीपायरीने ठरवता येते. जनुकाचा अनुक्रम बदल दाखवतो, मात्र त्याचा परिणाम सांगतोच असे नाही. रेटिक्युलोसाइटमधील आरएनए वेगळा करून पाहिल्यास कोडॉन ३९ च्या दोषात संदेशाचे प्रमाण घटलेले, कापणीच्या दोषात लांबी बदललेली आणि सिकलसेलमध्ये प्रमाण व लांबी दोन्ही योग्य आढळतात. सिकलसेलची ओळख म्हणूनच संदेशाच्या मोजणीतून होत नाही, हिमोग्लोबिनच्या विद्युतसंचारण चाचणीतून होते.

उजळणीत होणाऱ्या सामान्य चुका

एक्झॉन म्हणजे प्रथिनाची माहिती देणारा भाग, अशी व्याख्या अनेकदा केली जाते. ती अपुरी आहे. बीटा-ग्लोबिनच्या पहिल्या एक्झॉनमधील ५० व तिसऱ्या एक्झॉनमधील १३२ न्यूक्लिओटाइडांचे भाषांतर होत नाही, तरी ती एक्झॉनचाच भाग आहेत. प्रगल्भ संदेशात टिकणारा भाग ही एक्झॉनची योग्य व्याख्या होय.

प्रतिलेखनाचा आरंभ आणि भाषांतरणाचा आरंभ यांची गल्लत होते. पहिला संदेशाच्या पहिल्या न्यूक्लिओटाइडपाशी, तर दुसरा ५१ व्या न्यूक्लिओटाइडपासून होतो. त्याचप्रमाणे विराम कोडॉन रायबोसोमला थांबवतो, पॉलिमरेजला थांबवत नाही. विराम कोडॉननंतरही १३२ न्यूक्लिओटाइड संदेशात असतातच.

पेशीतील संदेशाचे प्रमाण वाढले म्हणजे प्रतिलेखन वाढले, असा निष्कर्षही घाईचा ठरतो. कोणत्याही क्षणी असलेले प्रमाण हे निर्मिती व क्षय या दोहोंच्या वेगावर अवलंबून असते. रेटिक्युलोसाइटमध्ये प्रतिलेखन शून्य असूनही ग्लोबिन संदेश विपुल असतो, कारण त्याचा क्षय मंद असतो. कोडॉन ३९ च्या दोषात प्रतिलेखन नेहमीच्याच वेगाने होऊनही संदेश अत्यल्प असतो, कारण त्याचा क्षय शीघ्र असतो.